धुक्याआडचा डाव

रिअल-टाइम स्ट्रॅटेजी गेममध्ये दोन्ही खेळाडू एकाच वेळी चाल करतात, पण दोघांना दिसणारा नकाशा सारखा नसतो. आपल्या सैनिकांच्या, कामगारांच्या आणि इमारतींच्या दृष्टीच्या टप्प्यात जेवढे येते तेवढेच दिसते. बाकी नकाशावर धुके असते. यालाच ‘फॉग ऑफ वॉर’ म्हणतात. 1992 च्या ‘ड्यून 2’मध्ये न पाहिलेला प्रदेश काळा असे, पण एकदा उघडला की तो कायम दिसत राही. 1995 च्या ‘वॉरक्राफ्ट 2’मध्ये पाठ फिरताच त्या जागेवर पुन्हा धुके येऊ लागले, आणि नजर टिकवणे हेच एक काम होऊन बसले.

2010 मध्ये आलेल्या ‘स्टारक्राफ्ट 2’मध्ये हे धुके कसे वागते ते नीट पाहण्यासारखे आहे. धुक्यात गेलेल्या जागेवरचे सैनिक लगेच दिसेनासे होतात. शत्रूच्या इमारती मात्र शेवटच्या पाहिल्या क्षणी होत्या तशाच चित्रासारख्या उरतात. नंतर तिथे नवी इमारत उभी राहिली किंवा जुनी दुसरीकडे हलवली, तरी चित्र बदलत नाही. या खेळातील टेरन जमातीच्या काही इमारती उडून दुसरीकडे जाऊ शकतात, आणि पाहणाऱ्याला त्या जुन्याच जागी दिसत राहतात. म्हणून नकाशावर काय दिसते याइतकेच ते केव्हा पाहिले होते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

सुरुवातीची टेहळणी, म्हणजे स्काउटिंग, बहुधा एखादा साधा कामगारच करतो. समजा, प्रोटॉस खेळाडूचा कामगार झर्ग खेळाडूच्या तळावर पोचला. सैन्य अजून जन्मलेलेच नाही, त्यामुळे ते मोजण्यात अर्थ नाही. तो आधी पाहतो की झर्गने दुसरा तळ टाकला आहे का. टाकला असेल तर पैसा वाढीकडे गेला आहे. दुसरा तळ नाही आणि झर्गलिंग पैदा करण्याची वाट मोकळी करणारी इमारत, स्पॉनिंग पूल, मात्र जवळजवळ पुरी झाली आहे, असे असेल तर लवकरच झर्गलिंग चालून येणार हे उघड आहे. इथे जे नाही तेच सर्वांत मोठी बातमी देते.

याहून बारीक खूण गॅसची. गॅसच्या साध्या विहिरीत सुरुवातीला 2250 एकक गॅस असतो आणि कामगार एका खेपेत 4 एकक नेतो. शत्रूची विहीर नजरेत असताना तिच्यावर क्लिक केले की शिल्लक आकडा दिसतो. तो 2150 असेल, तर 100 गॅस, म्हणजे 25 खेपा, बाहेर पडल्या आहेत. झर्गलिंगचा वेग वाढवणाऱ्या सुधारणेला नेमका 100 गॅस लागतो. त्यानंतर कामगार गॅसवरून हटले, तर बेत बहुधा वेगवान झर्गलिंगपुरता आहे. ते तिथेच राबत असतील, तर पुढे आणखी काही गॅसखाऊ येणार आहे. एका आकड्यावरून एवढे कळते, आणि टेहळणीचे खरे कसब याच वाचनात आहे.

पण ज्याची टेहळणी होते त्यालाही शत्रूचा कामगार दिसतच असतो. तो कामगारांना मुद्दाम गॅसवरून काढतो आणि पाहुणा मारला गेला की परत लावतो. एखादी इमारत दाखवण्यापुरती सुरू करून रद्द करता येते. खर्चाचा तीनचतुर्थांश भाग परत मिळतो, म्हणजे या फसवणुकीची किंमत उरलेला पाव. यावर उपाय एकच, थोड्या वेळाने पुन्हा पाहणे.

पुन्हा पाहणे फुकट होत नाही. टेरनच्या ऑर्बिटल कमांड या इमारतीला 50 एकक ऊर्जा खर्चून नकाशाचा कोणताही गोल तुकडा काही सेकंद उघडता येतो. त्याच 50 ऊर्जेत म्यूल हे यंत्र बोलावता येते, आणि ते साधारण सव्वादोनशे खनिज आणून देते. चुकीच्या कोपऱ्यावर टाकलेला स्कॅन म्हणजे तेवढे खनिज वाया. त्यामुळे जाणते खेळाडू उत्तराने आपली पुढची चाल बदलणार असेल तेव्हाच स्कॅन करतात. काहीही दिसले तरी तेच करायचे असेल, तर म्यूल बोलावणे शहाणपणाचे.

या सगळ्याला एक तांत्रिक मर्यादा आहे. सामना दोन्ही संगणकांवर एकाच वेळी, पूर्णच्या पूर्ण चालतो. धुके फक्त पडद्यावर लावलेले असते. शत्रूची सारी माहिती आपल्याच संगणकाच्या स्मृतीत असल्यामुळे ती उघडी करणारी ‘मॅप हॅक’ सॉफ्टवेअर बनतात. अशी लबाडी ओळखण्यासाठी सामन्याची नोंद, म्हणजे रिप्ले, संशयित खेळाडूच्या नजरेपुरती चालवून पाहतात. कधीच न पाहिलेल्या हल्ल्याची तयारी तो पुन्हा पुन्हा अचूक वेळी करत असेल, तर संशय बळावतो. आपला हरलेला सामनाही याच पद्धतीने, फक्त आपल्या नजरेपुरता पाहावा. कोणती खूण समोर असून सुटली आणि कुठे नजर पोचलीच नव्हती, हे त्यातून वेगळे काढता येते.