हप्ता भरला, पण कर्ज किती फिटलं?

30 लाखांचं गृहकर्ज, व्याज 9 टक्के, मुदत 20 वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण 26,992 रुपये. व्याज नेहमी उरलेल्या मुद्दलावर लागतं, म्हणून पहिल्या महिन्यात 22,500 रुपये व्याजातच जातात आणि मुद्दल फक्त 4,492 रुपयांनी घटतं. पुढच्या महिन्याचं व्याज त्यामुळे जेमतेम 34 रुपयांनी कमी होतं. अशा संथ गतीने पाच वर्षांत सोळा लाखांवर रक्कम भरूनही साडेसव्वीस लाखांहून जास्त कर्ज शिल्लकच असतं! उतारा पाहून धक्का बसतो, पण बँकेचा हिशेब चुकलेला नसतो.

पहिल्या वर्षाअखेरीस एक लाख जादा भरले, तर शेवटचे सुमारे 19 हप्ते वाचतात. मात्र हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा, असं बँकेला लेखी कळवा.