चार आण्यांचा निकाल

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या प्रश्नमंजुषेत एकाने ठासून सांगितले, ‘परवाच्या आपल्या नाटकात १९६१ सालचा दुकानदार “चार आणे” म्हणतो, ही चूक! दशमान नाणी १ एप्रिल १९५७ लाच आली.’ बँकेत हयात गेलेली, म्हणून निवाडा माझ्याकडे आला.

मी दावा फेटाळला. नाणे बदलले म्हणून बोलणे लगेच बदलले नाही. चार आणे म्हणजे बरोबर पंचवीस पैसे; माझ्या लहानपणीही मंडईत ‘चार आणे’च म्हणत. (एका आण्याचे मात्र सव्वासहा पैसे, तिथे हिशेब अडे.)

खरी चूक दुकानदाराच्या हातातल्या नाण्यात होती. त्यावर नुसते ‘पैसे’ होते. १९६१ साली ‘नये पैसे’ हवेत. ‘नये’ गळले १ जून १९६४ ला. ती कोणी पकडलीच नव्हती.