सौरपट्टीचा सिलिकॉन दिव्यात का चालत नाही?

नागपूरजवळच्या खापरखेडा औष्णिक वीजकेंद्रात २१० मेगावॉटचे चार आणि ५०० मेगावॉटचा एक असे पाच संच आहेत. या संचांत जळलेल्या कोळशाची राख वारेगावच्या बंधाऱ्यात साठवली जाते. या राखेचा सर्वांत मोठा घटक सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग. सौरपट्ट्यांसाठी लागणारा शुद्ध सिलिकॉन राखेतून नव्हे, तर चांगल्या गारगोटीपासून काढतात. पण हे मूलद्रव्य पृथ्वीवर किती मुबलक आहे, हे त्या राखेवरून लक्षात यावे. याच सिलिकॉनपासून संगणकाच्या चकत्या होतात, घरांच्या छपरांवरील सौरपट्ट्याही होतात. मात्र त्याच घरात लागणारा एलईडी दिवा सिलिकॉनचा नसतो. त्यासाठी गॅलियमसारखे महागडे मूलद्रव्य वापरावे लागते. प्रकाश शोषणारा पदार्थ प्रकाश देण्यास असा नालायक का ठरावा?

अर्धसंवाहकातील इलेक्ट्रॉनांना ऊर्जेचे दोन पट्टे उपलब्ध असतात. खालचा जवळजवळ भरलेला आणि वरचा जवळजवळ रिकामा. मधल्या अंतराला बँड गॅप, म्हणजे ऊर्जा-अंतर म्हणतात. पुरेशा ऊर्जेचा प्रकाशकण आला की इलेक्ट्रॉन वर जातो आणि खाली रिकामी जागा राहते. तोच इलेक्ट्रॉन त्या जागेत परतला, तर ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडू शकते. सिलिकॉनचे ऊर्जा-अंतर १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. त्यामुळे त्याने प्रकाश दिलाच तर तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असणार, हे उघड आहे. पण केवळ एवढेच कारण असते, तर सिलिकॉनपासून निदान रिमोट कंट्रोलमधील अवरक्त दिवा तरी झाला असता. तोही गॅलियम आर्सेनाइडच्या कुळातील पदार्थांचाच करतात.

कारण दुसरे आहे. इलेक्ट्रॉनाला ऊर्जेबरोबर संवेगही असतो आणि वर-खाली जाताना दोन्हींचा हिशेब जुळावा लागतो. घरातील माळ्याची कल्पना करावी. गॅलियम आर्सेनाइडमध्ये माळ्याचा सर्वांत खालचा भाग जमिनीच्या उंचवट्याच्या नेमका डोक्यावर येतो. इलेक्ट्रॉन सरळ खाली उतरतो. याला प्रत्यक्ष ऊर्जा-अंतर म्हणतात. सिलिकॉनमध्ये माळ्याचा तो खोलगट भाग दुसऱ्याच कोपऱ्यावर आहे. उतरायचे तर बाजूलाही सरकावे लागते. हे अप्रत्यक्ष ऊर्जा-अंतर. अर्थात येथे ‘बाजूला’ म्हणजे जागेने नव्हे, संवेगाने.

हा संवेग प्रकाशकणाने का वाहून नेऊ नये? कारण त्याच्याजवळ तो नसतोच म्हटले तरी चालेल. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५५० नॅनोमीटर, तर सिलिकॉनच्या स्फटिकातील घनाची बाजू ०.५४ नॅनोमीटर. तरंग जितका लांब तितका संवेग कमी, या नियमाने प्रकाशकणाचा संवेग गरजेपेक्षा सुमारे हजार पटींनी अपुरा पडतो. उरलेला हिशेब स्फटिकातील अणूंच्या कंपनाला, म्हणजे फोनॉनला पुरा करावा लागतो. इलेक्ट्रॉन, रिकामी जागा आणि योग्य कंपन या तिघांचा योग जुळेल तेव्हाच प्रकाश पडेल, आणि असा योग क्वचितच येतो.

क्वचित म्हणजे किती, ते एका उदाहरणाने पाहू. प्रत्येक घनसेंटिमीटरमध्ये १ वर १६ शून्ये इतके मोकळे विद्युत्कण असलेल्या सिलिकॉनमध्ये प्रकाश देऊन परतण्यास इलेक्ट्रॉनाला सरासरी सुमारे २० मिलिसेकंद लागतात. गॅलियम आर्सेनाइडमध्ये हेच काम एका मायक्रोसेकंदाहूनही कमी वेळात उरकते. आता स्फटिकात थोडी अशुद्धी आणि दोष असणारच. त्यांच्या सापळ्यात इलेक्ट्रॉन सरासरी १०० मायक्रोसेकंदांत अडकतो असे धरू. तेथे त्याची ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणजे प्रकाशाची वाट २०० पट संथ. दर २०० इलेक्ट्रॉनांमागे कसाबसा एक प्रकाश देणार आणि बाकीचे स्फटिक तापवणार. शिवाय त्या एकाचा प्रकाशही बाहेर पडेपर्यंत आत अडकण्याचा संभव असतो.

पुरेसे मोठे ऊर्जा-अंतर असूनही भागत नाही, हे सिलिकॉन कार्बाइडने दाखवून दिले. त्याचे ऊर्जा-अंतर निळ्या प्रकाशास पुरेसे आहे आणि १९८९ मध्ये त्याचे निळे एलईडी बाजारात आलेही. पण ऊर्जा-अंतर अप्रत्यक्ष असल्यामुळे त्यांची कार्यक्षमता एका टक्क्याच्या काही शतांशांपलीकडे गेली नाही. पुढे प्रत्यक्ष ऊर्जा-अंतराच्या गॅलियम नायट्राइडने ती कोंडी फोडली. त्या कामासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या घरातील पांढरा दिवा म्हणजे हाच निळा एलईडी आणि त्यावरील पिवळ्या प्रकाशाचे लेपन.

मग सौरपट्टीत सिलिकॉन कसा चालतो? नियम तेथेही तोच आहे. शोषतानाही कंपनाची मदत लागते, म्हणून सिलिकॉन प्रकाश सावकाश गिळतो. हिरवा प्रकाश दीड मायक्रोमीटरमध्ये बराचसा शोषला जातो, ८०० नॅनोमीटरच्या अवरक्तास सुमारे १२ मायक्रोमीटर लागतात आणि १००० नॅनोमीटरच्या किरणांना जवळपास १५० मायक्रोमीटर. पण येथे वेळेची नाही, जाडीची शर्यत आहे आणि जाडी वाढवता येते. म्हणूनच सिलिकॉनची चकती दीडशे मायक्रोमीटरच्या आसपास जाड ठेवतात. कॅडमियम टेल्युराइडसारख्या प्रत्यक्ष ऊर्जा-अंतराच्या पदार्थाचा दोन-तीन मायक्रोमीटरचा थर पुरतो. शिवाय सिलिकॉनच्या पृष्ठभागावर रसायनांनी सूक्ष्म पिरॅमिड कोरतात. त्यामुळे किरण तिरपे होऊन आत पुन:पुन्हा फिरतात आणि पट्टी अधिक काळी दिसते.

आता गंमत अशी, की सिलिकॉनचा तो क्षीण प्रकाशही वाया जात नाही. सौरपट्टीला रात्री उलट बाहेरून वीज पुरवली, तर ती ११५० नॅनोमीटरच्या आसपासच्या अवरक्त प्रकाशात मंद उजळते. अवरक्त गाळणी काढलेला साधा डिजिटल कॅमेराही काही सेकंदांच्या उघडझापीने त्याचे छायाचित्र घेऊ शकतो. यास इलेक्ट्रोल्युमिनेसन्स चाचणी म्हणतात. मुंबईच्या आयआयटीतील राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन व शिक्षण केंद्राने देशभरातील सौरपट्ट्यांच्या पाहण्या केल्या. त्यांतील काही पाहण्यांत या चाचणीचा वापर झाला.

छायाचित्र वाचण्याची रीत सोपी आहे. जेथे सापळे जास्त, तेथे प्रकाश कमी आणि डाग काळसर. चकतीला तडा गेला, पण तिचा तुकडा धातूच्या पट्टीशी जोडलेला राहिला, तर फक्त बारीक काळी रेष दिसते. तुकडा पूर्ण तुटून वीजमार्गातून बाहेर पडला, तर तो संपूर्ण काळा पडतो. वाहतुकीतील धक्के, गारा किंवा पट्टीवर पाय देऊन चढणारा माणूस, कोणाही मुळे हे होऊ शकते. वरची काच शाबूत असल्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही. मात्र एकट्या छायाचित्रावरून किती वीज घटली हे ठरवता येत नाही. नुसत्या रेषेने आज काहीच नुकसान नसेल, पण उन्हाने तापून आणि रात्री निवून ती रुंदावली की तोच तुकडा पुढे काळा पडू शकतो. म्हणून जाणकार चाचणीबरोबर विद्युतप्रवाह आणि दाब यांचे मोजमापही घेतात.