पेशंट खुर्चीवरून उठल्यावर

संध्याकाळचे साडेसात वाजले होते. आजोबांची खालची दाढ काढून झाली होती. तोंडात कापसाचा बोळा दाबून ते काउंटरवर पैसे द्यायला गेले आणि मी पुढच्या पेशंटचा एक्स-रे उजेडासमोर धरून बघत होते. मागे माझी असिस्टंट ट्रे आवरत होती. रक्ताळलेलं गॉज तिने मुठीत गोळा केलं, आणि त्या गॉजखाली टोपण न लावलेली सुई होती. ती तिथे मीच ठेवली होती.

"मॅडम, लागली," एवढंच ती म्हणाली. हातमोजा काढून तिने बोट सवयीने तोंडाकडे नेलं.

दाताच्या दवाखान्यात सगळी भीती खुर्चीतल्या माणसाच्या वाट्याला येते. पण आम्हा काम करणाऱ्यांना इजा होते ती पुष्कळदा तो माणूस उठून गेल्यावर. एक पेशंट गेला, दुसरा बाहेर वाट बघतोय, मधली ती दहा मिनिटं. डॉक्टरांचं लक्ष पुढच्या कामावर गेलेलं असतं आणि ट्रेवर काय काय पडलंय हे फक्त डॉक्टरांनाच माहीत असतं. आवरणारा हात मात्र दुसऱ्याचा असतो.

बोट तोंडात घालायचं नाही, हे पहिलं. दाबून रक्त काढायचं नाही. त्याने विषाणू बाहेर येतो याला आधार नाही आणि भोवतीची त्वचा मात्र दुखावते. स्पिरिट किंवा ब्लीच ओतायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवायचं, बस. ती बोट धूत असताना मी धावत काउंटरवर गेले, कारण आजोबा अजून दारात होते. कोणाची सुई लागली हे माहीत असणं आणि तो माणूस समोर असणं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. चार दिवसांनी सांगितलेली सुई कोणाची होती, हे शोधता येत नाही. पगार कापतील किंवा वेंधळी म्हणतील या भीतीने मुली गप्प राहतात, तेव्हा नेमकी हीच वेळ हातची जाते.

आजोबांना बसवून खरं काय झालं ते सांगितलं आणि रक्त तपासायची परवानगी मागितली. एचआयव्हीची तपासणी संमतीशिवाय करता येत नाही, आणि तसं असणं योग्यच आहे. ते म्हणाले, "अगं, पोरीला लागलंय ना, घे की."

अशा वेळी तीन विषाणूंचा विचार करावा लागतो. आम्हाला कॉलेजात तो तीनच्या पाढ्यासारखा शिकवला होता. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी असलेल्या पेशंटची सुई टोचली, तर लागण होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते. हिपॅटायटिस सी असेल तर ढोबळमानाने तीन, आणि एचआयव्ही असेल तर ०.३, म्हणजे हजारात तीन. सीचा आकडा त्याहून बराच कमी असल्याचं आता दिसतंय, पण क्रम तोच राहतो. आमच्या सुया बारीक असतात आणि शिरेत नव्हे तर हिरडीत जातात, त्यामुळे त्यांच्यावर रक्तही कमी असतं. तरी लोक घाबरतात ते एचआयव्हीला, आणि दुर्लक्ष करतात ते बीकडे. बीचा विषाणू चिवट असतो. वाळलेल्या रक्तात, टेबलाच्या कडेवर, तो आठवडाभर टिकू शकतो.

आजोबांचा एचआयव्ही आणि सीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आला. त्यांना स्वतःला त्याची काहीच कल्पना नव्हती. वर्षानुवर्षं कुठलाही त्रास न होता हा विषाणू अंगात राहू शकतो. म्हणून तर "पेशंट चांगल्या घरातला दिसत होता" या बोलण्याला काही अर्थ नसतो.

मग प्रश्न आला तिच्या लशीचा. बीची लस तीन डोसांची असते: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. देशभरातल्या सगळ्या बाळांना ती २०११च्या सुमारास मिळू लागली. आज दवाखान्यात काम करणाऱ्या पंचवीस-तीस वर्षांच्या मुली त्याआधी जन्मलेल्या. त्यामुळे कामावर येताना कुणी मुद्दाम दिली नसेल, तर ती त्यांना मिळालेली नसते. तिला मी दोन डोस दिले होते. तिसरा राहिला होता, कारण त्या महिन्यात तिच्या बहिणीचं लग्न होतं आणि नंतर आम्ही दोघी विसरलो.

दोन डोसांवर विसंबून राहता येत नाही. तिला इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं ठरलं, म्हणजे तयार अँटिबॉडीजचं इंजेक्शन. ते वजनावर मोजतात: किलोला ०.०६ मिलिलिटर, म्हणजे तिच्या पन्नास किलोंना ३ मिलिलिटर. चोवीस तासांच्या आत दिलेलं उत्तम; सात दिवसांनंतर त्याचा उपयोग झाल्याचं दिसत नाही. आमच्या गावात ते मिळालं नाही, जिल्ह्याच्या ठिकाणाहून रात्री आणलं. स्वस्त नव्हतं. त्याच्यासोबत, पण दुसऱ्या दंडात, लशीचा राहिलेला डोस. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिला तिथून पुढे जाता येतं. आजोबांना एचआयव्ही असता किंवा ते सापडले नसते, तर जिल्हा रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात जाऊन गोळ्या सुरू कराव्या लागल्या असत्या. शक्यतो दोन तासांत, जास्तीत जास्त बहात्तर तासांत, आणि मग सलग अठ्ठावीस दिवस.

आता माझ्या चुकीबद्दल. सुईला टोपण लावू नये, ती तशीच नष्ट करावी, असं नर्सिंगच्या मुलींना शिकवतात. दातांच्या कामात ते पाळता येत नाही. बधिरपणा उतरला की त्याच पेशंटला पुन्हा इंजेक्शन लागतं, आणि तोवर सुई उघडी ठेवणं हे त्याहून वाईट. म्हणून टोपण लावायचंच, पण एका हाताने. टोपण ट्रेवर आडवं ठेवायचं, सिरिंजच्या हाताने सुई त्यात सरकवून टोपण वर उचलायचं, आणि मग ते टेबलावर उभं दाबून घट्ट करायचं. दुसरा हात पाठीमागे. दोन्ही हातांनी टोपण लावताना सुई डाव्या हाताच्या अंगठ्यात किंवा तर्जनीत शिरते, हे ज्याने केलंय त्याला सांगावं लागत नाही. आणि काम संपलं की सुई कापून पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात टाकायची ती वापरणाऱ्यानेच, म्हणजे मीच. ड्रिलमधला बरही मीच काढायचा. तो तसाच राहिला की पुढे वाकणाऱ्याच्या मनगटावर ओरखडा उठतो. असिस्टंटने करायची ही कामं नाहीत, असं मी आता स्पष्ट मानते.

ट्रेनंतर येतं बेसिन. तपासणीचे पातळ हातमोजे घालून, ब्रशने, नळाखाली अवजारं घासणं ही आपल्याकडची रीत. फाइली आणि स्केलरची टोकं त्या मोज्यांतून सहज आरपार जातात. भांडी घासायला मिळतात तसे जाड रबरी हातमोजे शंभर-दोनशे रुपयांना येतात. अल्ट्रासॉनिक क्लीनर असला तर घासावं लागतच नाही. अवजारं जाळीत घालून पाण्यात सोडायची, पिशवीत भरायची आणि ऑटोक्लेव्हमध्ये टाकायची. ऑटोक्लेव्ह घ्यायचं टाळून काही ठिकाणी अजून अवजारं ग्लुटाराल्डिहाइडमध्ये बुडवून ठेवतात. त्याने पूर्ण निर्जंतुकीकरण व्हायला दहा तास लागतात, आणि झाकण उघडलं की डोळे चुरचुरतात, खोकला येतो. रोज त्या वाफेत काम करणाऱ्याला दमा लागू शकतो.

कपाटाच्या तळाशी असलेली बाटली ही वेगळी गोष्ट. "दातात चांदी भरली" असं आपण म्हणतो, पण त्या चांदीत वजनाने साधारण निम्मा पारा असतो. आम्ही शिकत होतो तेव्हा पारा आणि धातूची पूड काचेच्या खलात घोटायचो आणि जास्तीचा पारा कापडातून बोटांनी पिळून काढायचो. जुने डॉक्टर तो गोळा तळहातावरही मळत. कडक झालेलं फिलिंग पेशंटला जेवढं पारा देतं, त्यापेक्षा त्या पिळण्याने आणि सांडण्याने काम करणाऱ्यांना मिळायचा. कारण पारा गिळला तर बहुतेक तसाच बाहेर पडतो, पण त्याची वाफ श्वासात गेली तर सुमारे ऐंशी टक्के अंगात मुरते. वाफेला ना वास ना रंग. हात थरथरणं, चिडचिड, विसरभोळेपणा ही लक्षणं इतकी रोजची वाटतात की कुणाला पाऱ्याची शंका येत नाही. ती लघवीच्या तपासणीतूनच पक्की होते.

नवं काम आता बहुतेक पांढऱ्या सिमेंटने होतं. युरोपीय संघाने २०२५च्या सुरुवातीपासून चांदी भरणं जवळजवळ बंदच केलं आहे. पण जुन्या दवाखान्यांच्या कपाटात उरलेला पारा अजून आहे, आणि जुनी फिलिंग काढताना भरपूर पाणी आणि जोराचं सक्शन नसेल, तर ती वाफ सर्वात आधी सक्शन धरणाऱ्या असिस्टंटच्या नाकाशी येते. पारा सांडला तर झाडू लावू नये, त्याने थेंबाचे शंभर थेंब होतात आणि फटींत जाऊन महिनोन्महिने वाफ सोडत राहतात. पंखा, एसी बंद करावा, खिडकी उघडावी, कडक कागदाने थेंब एकत्र ढकलावेत, सिरिंजने ओढावेत, बारीक कण चिकटपट्टीने उचलावेत आणि सगळं पाणी घातलेल्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावं. चांदी भरलेला काढलेला दात पिवळ्या पिशवीत टाकू नये. ती पिशवी भट्टीत जाते, आणि पारा धुरात.

एक्स-रेबद्दल थोडक्यात. दाताच्या एका फोटोचा डोस फारच थोडा असतो. दवाखान्यातल्या माणसाचा धोका त्या थोड्याच्या रोजच्या बेरजेत असतो. न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनी १८९६मध्ये हे तंत्र हाती घेतलं. नळी नीट लागली की नाही हे ते स्वतःच्या हाताची हाडं पडद्यावर बघून ठरवत. कर्करोगाने आधी बोटं गेली, मग हात, मग दंड, आणि १९२८मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. तरी लहान मूल रडायला लागलं की फिल्म बोटाने धरून उभी राहणारी असिस्टंट मी आजही बघते. फिल्म होल्डरने धरावी, नाहीतर मुलाच्या आईने शिशाचा एप्रन घालून. असिस्टंटने सहा फूट लांब, किरणांच्या रेषेला काटकोनात किंवा जरा नळीच्या मागच्या बाजूला उभं राहावं. एका फुटावर जेवढे विखुरलेले किरण अंगावर येतात, त्याच्या छत्तिसाव्या हिश्शाएवढेच सहा फुटांवर येतात.

तिची शेवटची तपासणी सहा महिन्यांनी झाली, रिपोर्ट निगेटिव्ह. मधल्या काळात रक्त द्यायचं नाही एवढंच तिला सांगितलं होतं, पण तिने घरी स्वतःचा टॉवेलही वेगळा ठेवला होता, ते मला नंतर कळलं. ती अजून माझ्याकडेच आहे. ट्रेवरचं गॉज आता ती चिमट्याने उचलते.