बारशाआधीची चौकशी

हिंदीत ‘मेला’ म्हणजे जत्रा. दिल्लीच्या जाहिरात कंपनीने ‘साडी मेला’ असा फलक तयार केला आणि तोच तसाच्या तसा साताऱ्यात लावला, तर वाचणाऱ्याच्या मनात आधी ‘कोण मेला?’ हेच येणार. आपला ‘मेळा’ ळ घेऊन येतो, हे दिल्लीत कोणाच्या ध्यानात यावं? लिपी एकच असल्यामुळे हिंदीत तपासलेलं नाव मराठीतही चालेल असं गृहीत धरलं जातं, आणि घोटाळा तिथेच होतो. उलटही घडतं. आपल्या शेतकऱ्याला ‘गांडूळखत’ म्हणताना काहीच वाटत नाही. तेच नाव पोत्यावर ठसठशीत छापून इंदूरला पाठवा. तिथे गांडुळाला केंचुआ म्हणतात, त्यामुळे गिऱ्हाईक पहिली अक्षरं वाचूनच हसायला लागेल.

तपासणी कशी करायची, ते एका कल्पित नावावर पाहू. समजा, एका नव्या सरबताला रोमन लिपीत Melo हे नाव सुचवलं आहे. छोटं, गोड, तोंडात बसणारं. पहिलं काम म्हणजे त्याची देवनागरीत जितकी रूपं होऊ शकतील तितकी लिहून काढायची. रोमन L हा ल असतो तसा ळही, T हा त किंवा ट, D हा द किंवा ड, N हा न किंवा ण, आणि a तर अ की आ याचा पत्ताच लागत नाही. Melo चं मेलो होतं, मेळो होतं, घाईत मिलोही होतं. हिंदीवाल्याला ‘मिलो’ म्हणजे भेटीचं आमंत्रण. मराठी माणसाला ‘मेलो’ म्हणजे सरळ मरणाची कबुली!

कागदावर एवढं दिसलं, तरी नाव वाक्यात घालून बोलून पाहायलाच हवं, कारण दुकानात कोणी नुसतं नाव उच्चारत नाही. ‘एक मेलो द्या’, ‘मेलो संपला’, ‘मी मेलो प्यायलो’. यातलं शेवटचं वाक्य मोठ्याने म्हणा, म्हणजे सरबताचं काय होईल ते कळेल. मराठीत नावाला प्रत्यय लागतात, तेव्हा -चा, -ला, -ने लावूनही ऐकायचं. फोनवरून सांगून पलीकडच्याला काय ऐकू आलं ते लिहायला लावणं हा माझ्या मते सगळ्यात खात्रीचा उपाय.

मग प्रश्न येतो विचारायचं कोणाला. कॉलेजातल्या पोरांना चालू शिव्या आणि त्यांची आडवळणं माहीत असतात. आजीला सुतक, मयत, तिरडी, पनवती असले अशुभ शब्द लगेच खटकतात. कोकण, विदर्भ, कोल्हापूर इथली एकेक व्यक्ती हवी, आणि हिंदीसाठी मुंबईतला हिंदी बोलणारा पुरत नाही, भोपाळ-पाटण्याचाही हवा. खरी अडचण वेगळीच आहे. माणसं भिडस्त असतात. चारचौघांत, त्यातून साहेबासमोर, ‘हे नाव घाण वाटतं’ असं कोणी म्हणत नाही. ‘छान आहे’ म्हणून मोकळे होतात. म्हणून एकेकट्याला गाठायचं, पाच-सहा नावांत आपलं नाव मिसळायचं आणि ‘चांगलं का वाईट’ न विचारता ‘हे ऐकून काय आठवतं?’ असं विचारायचं. उत्तराआधी माणूस गालात हसला, तर ते हसणंही टिपून ठेवावं.

आक्षेप निघाला म्हणजे नाव बाद, असं मात्र नाही. ‘हगीज’ हे नाव इंग्रजी मिठीवरून आलेलं. मराठीत आणि हिंदीतही ते ऐकून कोणाला काय आठवतं ते सांगायला नको. पण माल लंगोटाचा, म्हणून ते उलट चपखल बसलं. तेच नाव बिस्किटाला दिलं असतं तर? शब्द कुठल्या वस्तूवर बसणार, यावर निकाल ठरतो. ‘हसून हसून मेलो’ असं आपण म्हणतोच. विनोदी कार्यक्रमाला मेलो खपून जाईल, पिण्याच्या वस्तूला नाही.

आणि सगळं तपासूनही नशीब आडवं येतं. टाटा मोटर्सने 2015 च्या डिसेंबरमध्ये ‘झिका’ नावाची छोटी गाडी दाखवली. चपळ गाडी या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती जुळणी. मराठी-हिंदीत काहीच वावगं नाही. काही आठवड्यांत झिका विषाणू जगभर गाजला आणि 2016 च्या फेब्रुवारीत कंपनीने नाव बदलायचं ठरवलं. गाडी ‘टियागो’ म्हणून बाजारात आली.

कायद्याचाही इथे संबंध येतो. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 9 प्रमाणे अश्लील किंवा धार्मिक भावना दुखावणारं चिन्ह नोंदवता येत नाही. अशुभाला मात्र कायद्यात मनाई नाही. ते ज्याचं त्याने पाहायचं. आपल्या सरबतवाल्याने मेलो सोडून मिलो घ्यायचं ठरवलं, तर त्या नावाचं नेस्लेचं पेय आधीच आहे. तेव्हा ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर उच्चारसाम्याने शोध घेऊन पुन्हा नव्या नावापासून सुरुवात.