तीन मिलिमीटरचा हिशोब

चायना ग्रास नेहमी पुडिंगसाठी आणलं जातं. त्या दिवशी त्यात साखर पडली नाही, पडला धुण्याचा सोडा. भाचीला शाळेत ‘पृष्ठफळ आणि घनफळ यांचं गुणोत्तर’ शिकवलं होतं. गणित तिला येत होतं, पण त्याचा जिवंत पेशीशी काय संबंध, हे काही केल्या तिच्या गळी उतरत नव्हतं. म्हणून आम्ही जेलीचे गुलाबी ठोकळे करायचं ठरवलं.

कृती सोपी आहे. अर्धा लिटर पाण्यात 10 ग्रॅम चायना ग्रास, म्हणजेच अगार, घालून पार विरघळेपर्यंत उकळायचं. नुसतं गरम पाणी चालत नाही, अगार उकळीशिवाय विरघळत नाही. आच बंद केल्यावर त्यात चिमूटभर, साधारण अर्धा ग्रॅम, धुण्याचा सोडा आणि शाळेच्या प्रयोगशाळेत असतं ते फिनॉल्फ्थॅलिन काही थेंब घालायचं. हे दर्शक आम्लात रंगहीन राहतं आणि आम्लारीत गुलाबी होतं. त्यामुळे सगळं मिश्रण गडद गुलाबी दिसू लागतं. खायचा सोडा घातलात तर रंग अगदी फिका येईल. आमचा पहिला घाणा तसाच वाया गेला. सोडा जास्त झाला तर तो आम्लाला दाद देत नाही आणि जेलीत बुडबुडेही धरू शकतात. मिश्रण 3 सेंटिमीटरपेक्षा थोडं जास्त खोल भांड्यात ओतून थंड केलं की घट्ट वडी बसते. तिचे पट्टीने मोजून 1, 2 आणि 3 सेंटिमीटर बाजूचे ठोकळे कापायचे आणि पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पूर्ण बुडवायचे.

अगारऐवजी जिलेटिन घेण्याचा मोह टाळावा. आपल्या उन्हाळ्यात ते खोलीतच पातळ होतं. जर्मनीत 1881-82च्या सुमारास रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत हीच अडचण होती. तिथे काम करणाऱ्या वॉल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी स्वयंपाकघरातलं अगार सुचवलं आणि जीवाणू वाढवण्याच्या बशा तेव्हापासून अगारच्याच झाल्या.

आपल्या प्रयोगाला अगार लागतं ते आणखी एका कारणाने. या वडीत 98 टक्के पाणीच असतं, पण ते जाळ्यात धरून ठेवल्यासारखं असतं; त्यात प्रवाह किंवा भोवरे होऊ शकत नाहीत. त्यामुळे व्हिनेगरमधलं आम्ल आत जाईल ते केवळ रेणूंच्या स्वैर हालचालीने, म्हणजे विसरणाने. जिथवर ते पोचेल तिथवरचा गुलाबी रंग नाहीसा होईल. नुसता खाण्याचा रंग पाण्यात मिसळून साधी जेली त्यात बुडवली तरी विसरण दिसतं, पण रंग हळूहळू फिका होत जातो आणि नेमकी सीमा कुठे म्हणायची यावरून घरात वाद होतात. दर्शकाने सीमा रेघ ओढल्यासारखी मिळते.

दहा मिनिटांनी ठोकळे काढून, पुसून, लगेच मधोमध कापले. लगेच कापणं महत्त्वाचं, कारण बाहेर काढल्यावरही आत शिरलेलं आम्ल पुढे सरकतच राहतं. लहान ठोकळ्यात गुलाबी ठिपका उरला होता, मोठ्यात अजून भलामोठा गाभा होता. भाचीने वहीत लिहिलं, ‘लहान ठोकळ्यात विसरण वेगाने झाले.’ हे वाक्य बहुतेक वह्यांत सापडतं, आणि ते चूक आहे.

तिला पट्टी दिली आणि कडेपासून गुलाबी सीमेपर्यंतचं अंतर मोजायला सांगितलं. लहान ठोकळ्यात 3 मिलिमीटर. मधल्यात 3 मिलिमीटर. मोठ्यातही 3. आम्लाला आपण केवढ्या ठोकळ्यात शिरतो आहोत याचा पत्ताच नसतो. ते तिन्हींत सारख्याच गतीने गेलं. फरक पडला तो उरलेल्या भागात. दोन्ही बाजूंनी 3-3 मिलिमीटर वजा केले की 1 सेंटिमीटरच्या ठोकळ्यात फक्त 4 मिलिमीटर बाजूचा गाभा राहतो. त्याचं घनफळ 0.064 घन सेंटिमीटर, म्हणजे ठोकळ्याचा सुमारे 94 टक्के भाग आम्लाने गाठला. मधल्यात गाभा 14 मिलिमीटरचा, गाठलेला भाग 66 टक्के. मोठ्यात गाभा 24 मिलिमीटरचा आणि गाठलेला भाग जेमतेम 49 टक्के. गुणोत्तरं अनुक्रमे 6, 3 आणि 2 येतात. प्रत्येक घन सेंटिमीटर जेलीच्या वाट्याला किती पृष्ठभाग आला, एवढंच ते आकडे सांगतात.

एका ठोकळ्याचा गाभा मात्र खाली सरकलेला निघाला. तो भांड्याच्या तळाला टेकून होता, खालच्या बाजूला व्हिनेगर मिळालंच नव्हतं. गाभा मध्यावर नसेल तर कारण हेच समजावं. ठोकळे जाळीवर ठेवावेत किंवा अधूनमधून उलटावेत.

मग पुढचा प्रश्न: मोठ्या ठोकळ्याच्या मध्यापर्यंत आम्ल कधी पोचेल? लहान ठोकळा अर्ध्या तासाच्या आत पूर्ण रंगहीन झाला होता. भाची म्हणाली, ‘तिप्पट मोठा आहे, म्हणजे दीड तास.’ दीड तासाने मोठा ठोकळा कापला, तर आत 12 मिलिमीटरचा गुलाबी गाभा शाबूत. तो गोलसर झाला होता, कारण कोपऱ्यांवर आम्ल तीन बाजूंनी येतं. पण मुख्य गोष्ट वेळेची. दहा मिनिटांत 3 मिलिमीटर गेलेलं आम्ल 6 मिलिमीटर जायला 20 नाही, 40 मिनिटं घेतं, आणि 9 मिलिमीटरला 90. रेणू सरळ चालत नाहीत, मागेपुढे भरकटत जातात. म्हणून वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. या हिशोबाने 15 मिलिमीटरला चार तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. कोपऱ्यांची मदत धरली तर त्याहून कमी.

हे गुणोत्तरापेक्षा वेगळं आहे आणि पाठ्यपुस्तकी मांडणीत अनेकदा हरवतं. सुमारे 10 मायक्रोमीटरच्या पेशीत प्राणवायू एका टोकापासून दुसऱ्या टोकाला मिलिसेकंदांत पोचतो. तेच अंतर एक सेंटिमीटर केलं, म्हणजे हजार पट, तर वेळ दशलक्ष पट होतो आणि हिशोब तासांत जातो. जेली मरत नाही, म्हणून ती वाट पाहू शकते. शिवाय तिला पटल नाही आणि आलेलं आम्ल ती पेशीसारखं सतत वापरून संपवतही नाही. खऱ्या पेशीची अडचण त्यामुळे आणखी बिकट असते.

शेवटी उरलेल्या वडीतून 1 सेंटिमीटर जाड आणि 8 सेंटिमीटर लांब अशी कांडी कापली. घनफळ 8, मधल्या ठोकळ्याइतकंच. पृष्ठफळ मात्र 24 ऐवजी 34. व्हिनेगरमध्ये ती जवळपास लहान ठोकळ्याइतक्याच वेळात पांढरी झाली. आकारमान तेवढंच, फक्त मध्य कडेच्या जवळ आणला.

पट्टकृमी हेच करतो. माणसाच्या आतड्यात तो कित्येक मीटर लांब वाढू शकतो, पण त्याची जाडी काही मिलिमीटरच्या पुढे जात नाही. त्याला हृदय नाही, रक्त नाही, तोंड आणि आतडंही नाही. जे काही लागतं ते कातडीतूनच आत येतं. हे ऐकून भाचीने कांडी व्हिनेगरमधून चिमट्याने उचलली आणि हात लांब करून कचऱ्याच्या डब्यात टाकली.