सातजण, सामान आणि कुंभार्ली घाट

कराडचं एक एकत्र कुटुंब डोळ्यांसमोर आणू. आजी-आजोबा, दोघे भाऊ, दोघी जावा आणि बारा वर्षांचा मुलगा. गणपतीला पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूणवरून गुहागरजवळच्या मूळ घरी जायचं आणि परतताना नारळ, तांदूळ घेऊन तोच घाट चढायचा. एरवी गाडीत दोन-तीनच माणसं असतात. सात सीटच्या गाडीचा खरा कस मात्र या प्रवासात लागतो.

शोरूममध्ये पहिली फसगत तिसऱ्या रांगेत होते. मधली सीट पुढे सरकवून ठेवली, की मागे गुडघ्यांना भरपूर जागा दिसते. म्हणून आधी मधली सीट आजोबांना हवी तेवढी मागे घ्यावी, त्यांना तिथे बसवावं आणि मग त्यांच्या मागे घरातल्या उंच माणसाने वीस मिनिटं बसून पाहावं. नुसते गुडघे टेकतात का एवढंच बघून भागत नाही. तिसऱ्या रांगेखाली मागचा ॲक्सल असतो, त्यामुळे तिथली जमीन उंच येते. बसणारा जवळजवळ उकिडवा होतो, मांड्या सीटवरून उचलल्या जातात आणि सगळा भार कमरेवर येतो. दहा मिनिटांत पाय आखडले, तर ती जागा मुलांचीच समजावी. त्यातही घाटात मळमळणाऱ्या मुलाला तिथे बसवू नये, कारण वळणावर मागच्या टोकाला झोल जास्त बसतो.

आता डिकी. एर्टिगामध्ये सातही सीट उभ्या असताना २०९ लिटर जागा उरते, कारेन्समध्ये २१६ आणि चार मीटरच्या आत बसणाऱ्या ट्रायबरमध्ये फक्त ८४. आकड्यांवरून अंदाज येतो, पण ही जागा उभी आणि अरुंद असते. मोठी बॅग आडवी टाकली तर दार लागत नाही. घरातल्या दोन खऱ्या बॅगा शोरूममध्ये नेऊन ठेवून बघणं हाच खात्रीचा उपाय. सीएनजी घेणाऱ्यांनी तर हे टाळूच नये. एर्टिगाची टाकी डिकीतच बसते आणि सातजण बसल्यावर तिथे पिशव्यांपलीकडे फारसं काही मावत नाही. मग सामान छतावरच्या कॅरिअरवर चढतं आणि वळणावर गाडी अधिक कलते.

तिसरा प्रश्न घाटाचा. पेट्रोल एर्टिगाचं रिकामं वजन साधारण पावणेबाराशे किलो आहे. टेस्ट ड्राइव्हला चालक आणि विक्रेता असे दोघेच असतात. गुहागरहून परतताना तिच्यात सातजणांचे ४३० आणि सामानाचे १०० किलो धरले, तर टेस्ट ड्राइव्हपेक्षा तब्बल ४०० किलो जास्त होतात. ठरवून दिलेल्या मर्यादेत हे बसतं, पण तीच गाडी आता वेगळी वागते.

कारण ओढीत आहे. एर्टिगाच्या दीड लिटर पेट्रोल इंजिनाची पूर्ण ओढ, म्हणजे टॉर्क, साधारण ४,४०० फेऱ्यांवर मिळते. कारेन्सच्या डिझेलमध्ये जवळपास दुप्पट ओढ १,५०० फेऱ्यांपासूनच हाताशी असते. कुंभार्लीच्या तीव्र वळणावर वेग पंधरा-वीसवर आला, की फेऱ्या घसरतात. तिथे पेट्रोल गाडी तिसऱ्या गिअरमध्ये रेटली तर इंजिन थरथरतं, टकटक आवाज येतो, ॲक्सिलरेटर दाबूनही वेग वाढत नाही. हीच ताणाची खूण. वळणाआधीच दुसरा किंवा पहिला गिअर टाकून फेऱ्या तीन हजारांच्या वर ठेवाव्यात. आवाज मोठा होतो म्हणून लोक घाबरतात, पण खालच्या फेऱ्यांवर रेटणं इंजिनाला जास्त जड जातं. क्लचवर गाडी तोलून धरली, तर जळका वास येतो. तो आला की कडेला सुरक्षित जागी थांबून क्लच थंड होऊ द्यावा.

आणखी एक फरक सहसा कुणी सांगत नाही. एर्टिगा आणि कारेन्स पुढच्या चाकांवर चालतात. चढावर आणि मागे भार असताना पुढची चाकं हलकी पडतात. ओल्या वळणावर ती जागच्या जागी फिरू शकतात. इनोव्हा क्रिस्टाची ओढ मागच्या चाकांना मिळते, म्हणून तोच भार तिथे पकड वाढवतो.

या कुटुंबासाठी माझा कौल असा: पूर्ण भरलेला प्रवास वर्षातून एक-दोनदाच असेल, तर पेट्रोल एर्टिगा पुरेल, पण सीएनजी नको. तो दर महिन्याला असेल, तर डिझेलचा खर्च सोसावा. टेस्ट ड्राइव्हला मात्र सातहीजणांनी जावं, एसी चालू ठेवून एखादा चढ चढावा आणि मधेच थांबून गाडी पुन्हा उठवून बघावी. घेतल्यावर, निघण्याआधी चालकाच्या दाराशी चिकटवलेल्या कागदावरचा पूर्ण भाराचा हवेचा दाब भरावा आणि मागचा भाग दबल्याने दिवे समोरच्यांच्या डोळ्यांवर जाऊ नयेत म्हणून हेडलाइटची चकती खाली फिरवावी.